‘2 ZKB, KM 620’ : जर्मनीतली घराची जाहिरात वाचताना

```
2 ZKB, Blk., 54 m², 2. OG, Bj. 1962
KM 620 €, NK 110 € zzgl. GEH
KT 3 MM, EBK gg. Abl. (1.800 €)
V, 138 kWh/(m²a), Gas, E
ab 1.10., NR bev., prov.-frei
```

हानोफरसारख्या मध्यम आकाराच्या जर्मन शहरात भाड्याच्या घराची जाहिरात साधारण अशी असते. वरची जाहिरात नमुना म्हणून रचलेली आहे, पण यातली सगळी अक्षरं तिथल्या संकेतस्थळांवर रोज दिसतात. वर्तमानपत्रं जाहिरातीचे पैसे ओळींवर घ्यायची, तेव्हा घरमालकांनी शब्द छाटायला सुरुवात केली. आता इम्मोबिलिएनस्काउट किंवा क्लाइनआनत्साइगेनवर जागेची टंचाई नाही, तरी छाटलेले शब्द तसेच राहिले.

पुण्या-मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला गेलेला माणूस या पाच ओळींतून सहसा एकच गोष्ट उचलतो : ६२० युरो. आकडा परवडणारा दिसतो, चांगल्या घरावर पहिल्या काही तासांतच उड्या पडतात, म्हणून तो घाईने ‘मला घर हवं आहे’ असं कळवून मोकळा होतो. हेच घर प्रत्यक्षात दरमहा सव्वानऊशे युरोंच्या घरात जातं आणि राहायला जाण्याआधी तीन ते साडेचार हजार युरो हाताशी लागतात. हे सगळं जाहिरातीत लिहिलेलं आहे. ते कुठे लिहिलंय, एवढंच ओळखता यायला हवं.

दोन खोल्या म्हणजे किती?

सुरुवात `2 ZKB` पासून करू. `Z` म्हणजे त्सिमर, खोली. `K` म्हणजे क्यूशे, स्वयंपाकघर. `B` म्हणजे बाड, न्हाणीघर. शेवटी आणखी एक `B` असेल तर तो बाल्कनीचा. इथे त्याऐवजी `Blk.` लिहिलं आहे. मध्ये `D` आला, म्हणजे `2 ZKDB` असं असलं, तर तो दारातून आत आल्यावरच्या मोकळ्या जागेचा, डीलेचा.

आपल्याकडे ‘टू बीएचके’ म्हणताना मोजल्या जातात त्या झोपायच्या खोल्या. हॉल आणि किचन वेगळे धरलेले असतात. जर्मन मोजणीत हॉलही खोल्यांतच येतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पॅसेज मात्र मोजत नाहीत. त्यामुळे `2 ZKB` म्हणजे आपला वन बीएचके, आणि टू बीएचके हवा असेल तर `3 ZKB` शोधायला हवा. आईवडील तीन महिने राहायला येणार म्हणून ‘दोन खोल्यांचं’ घर घेणाऱ्याला एकच बेडरूम मिळते. `1 Zi.` असलं तर आख्खं घर एका खोलीचं, किंवा चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली. दुसऱ्या प्रकारात जवळपास कुठेतरी `WG` ही अक्षरं असतात. अडीच किंवा साडेतीन खोल्या लिहिलेल्या दिसल्या, तर ती अर्धी खोली साधारण सहा ते दहा चौरस मीटरची असते : अभ्यासाचं टेबल किंवा बाळाचा पाळणा मावेल एवढी.

`54 m²` हा आकडा आपल्याकडच्या ‘सुपर बिल्टअप’सारखा फुगवलेला नसतो. जिना, लिफ्ट, तळघरातली सामानाची कोठडी यांतलं काहीच त्यात धरत नाहीत. बाल्कनी धरतात, पण तिचा नियम असा की क्षेत्रफळाच्या साधारण पाव भाग मोजायचा आणि फार तर निम्मा. उतरत्या छपराखालच्या घरात, म्हणजे जाहिरातीत `DG` असलं तर, आणखी एक हिशेब असतो. जिथे उंची दोन मीटरपेक्षा कमी आहे ती जागा निम्मी धरायची आणि एक मीटरपेक्षा कमी असेल तर अजिबात धरायची नाही. म्हणून छपराखालचं घर कागदावर लहान आणि पाहताना मोठं वाटतं. कपाट कुठे उभं करायचं हा प्रश्न मात्र राहतोच.

`2. OG` म्हणजे दुसरा मजला. इथे आपली सवय उपयोगी पडते, कारण तळमजला (`EG`) वगळूनच मजले मोजतात. `UG` किंवा ‘झुटेरां’ लिहिलेलं घर जमिनीच्या पातळीखाली असतं. लिफ्ट असेल तर जाहिरातदार ते आवर्जून सांगतो. त्याने सांगितलं नसेल तर १९६२ सालच्या (`Bj. 1962`) इमारतीत ती नाही असंच धरून चालावं.

थंड भाडं आणि त्यावरचं ओझं

आता दुसरी ओळ. `KM` म्हणजे काल्टमीटे, फक्त चार भिंतींचं भाडं. `NK` म्हणजे नेबेनकोस्टेन, त्यावरचा खर्च. काही जण त्यालाच `BK` लिहितात. तिसरं अक्षर असतं `WM`, वार्ममीटे : भाडं, वरचा खर्च आणि घर तापवण्याचा खर्च मिळून. हे `WM` मात्र सावधपणे वाचावं. `WM-Anschl.` असं असेल तर तो धुलाईयंत्र जोडण्याचा नळ, त्याचा भाड्याशी संबंध नाही.

नेबेनकोस्टेन सोसायटीच्या मेंटेनन्ससारखे वाटतात आणि बऱ्याच अंशी तसेच आहेतही. कोणता खर्च भाडेकरूवर टाकता येतो याची यादी २००४ सालच्या एका नियमावलीत दिलेली आहे. तिच्यात सतरा बाबी आहेत : घरपट्टी, पाणी, सांडपाणी, कचरा, रस्त्याची आणि जिन्याची सफाई, बाग, जिन्यातले दिवे, इमारतीचा विमा, धुराडं साफ करणारा माणूस, इमारतीची देखभाल करणारा माणूस, लिफ्ट वगैरे. इमारतीची दुरुस्ती आणि घरमालकाचा व्यवस्थापनाचा खर्च त्यात येत नाही; तो मालकाने सोसायचा. इमारतीच्या सामायिक केबल टीव्हीचं शुल्क पूर्वी यात घालत असत, जुलै २०२४ पासून तेही घालता येत नाही.

महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. जाहिरातीतले `NK 110 €` हा बहुतेक वेळा ठरलेला खर्च नसतो. ती आगाऊ रक्कम असते. घरमालक दरमहा ११० युरो घेत राहतो, वर्ष संपल्यावर खरा खर्च मोजतो आणि फरक सांगतो. जास्त घेतले असतील तर परत देतो, कमी घेतले असतील तर मागतो. हा हिशेब द्यायला त्याला वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. मुदत उलटली आणि चूक त्याची असली, तर वरचे पैसे त्याला मागता येत नाहीत. म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये राहायला गेलेल्या भाडेकरूला त्या वर्षाचा हिशेब डिसेंबर २०२५ च्या शेवटीसुद्धा हातात पडू शकतो. मधल्या काळात घर सोडलं असलं, भारतात परतला असलात, तरी हिशेब पाठ सोडत नाही.

त्यामुळे `NK` चा आकडा जितका लहान, तितकं घर स्वस्त असं गणित इथे लागत नाही. आगाऊ रक्कम किती घ्यायची हे मालक ठरवतो. ती कमी ठेवली की जाहिरात आकर्षक दिसते, आणि खर्च तर तेवढाच राहतो. समजा, त्याच चोपन्न मीटरच्या घराच्या जाहिरातीत, तापवण्याचा खर्च धरून `NK 80 €` लिहिलं आहे. वर्षाचे झाले ९६० युरो. खरा खर्च २,३०० निघाला तर दीड वर्षाने दारात येणारं पत्र १,३४० युरोंचं असेल.

हे आधीच ओळखायला एक भागाकार पुरतो : `NK` ला चौरस मीटरने भागा. तापवण्याचा खर्च धरून साधारण अडीच ते साडेतीन युरो आणि तो न धरता दीड ते दोन युरो दर चौरस मीटर, एवढं उत्तर आलं तर आकडा विश्वासार्ह आहे. लिफ्ट असेल, देखभालीचा माणूस असेल, तर थोडं वर जाईल. ऐंशी भागिले चोपन्न करणाऱ्या त्या ८० युरोंच्या जाहिरातीत मात्र दीडच युरो येतो, आणि तोही हीटिंग धरून. तिथे मागच्या वर्षाचा हिशेब पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या मूळ जाहिरातीत ११० भागिले ५४ म्हणजे दोन युरो. ठीक आहे, पण मग यात हीटिंग धरलं आहे का?

क्वचित `NK` च्या शेजारी ‘पाउशाले’ असा शब्द असतो, `NK-Pausch.` असा. तिथे खर्च ठोक ठरलेला असतो. वर्षाच्या शेवटी हिशेब नाही, परतावा नाही आणि मागच्या वर्षाचा फरकही मागता येत नाही. थोड्या काळासाठी राहणाऱ्याला ही पद्धत सोयीची जाते.

घर कोण तापवणार?

हीटिंगचा खर्च जाहिरातीत तीन ठिकाणी असू शकतो. तो `NK` मध्येच असेल, तर `inkl. HK` असं लिहिलेलं असतं. `HK` म्हणजे हाइत्सकोस्टेन. तो वेगळा असेल, तर `zzgl. HK` आणि पुढे आकडा. `zzgl.` म्हणजे ‘याशिवाय’. तिसरा प्रकार आपल्या जाहिरातीत आहे : `zzgl. GEH`.

`GEH` म्हणजे घरातच भिंतीवर बसवलेलं गॅसचं यंत्र. रेडिएटरना गरम पाणी तेच पुरवतं, बहुधा आंघोळीचंही. अशा घरात गॅसचा करार भाडेकरू स्वतःच्या नावाने थेट कंपनीशी करतो. मालकाकडे त्या खर्चाचा हिशेबच नसतो, म्हणून तो `NK` मध्ये येत नाही आणि जाहिरातीत त्याचा आकडाही दिसत नाही. `ZH` असलेल्या घरात मात्र साऱ्या इमारतीला एकच बॉयलर असतो. तिथला खर्च मालक वाटून देतो : किमान निम्मा आणि जास्तीत जास्त सत्तर टक्के ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे, उरलेला घराच्या आकाराप्रमाणे. म्हणून हिवाळाभर रेडिएटर बंद ठेवून तुम्ही भारतात राहिलात, तरी `ZH` च्या घरात तापवण्याचं बिल शून्य येत नाही.

आकडा दिसत नसला तरी त्याचा अंदाज करता येतो, आणि त्यासाठीच चौथी ओळ आहे. घराच्या उर्जेच्या प्रमाणपत्रातली माहिती व्यावसायिक जाहिरातीत देणं जर्मनीत २०१४ पासून बंधनकारक आहे. `V` चा अर्थ हा आकडा भाडेकरूंनी खरोखर वापरलेल्या उर्जेवरून काढला आहे. `B` असता तर तो इमारतीच्या भिंती-खिडक्या पाहून केलेल्या गणितावरून आला असता. `138 kWh/(m²a)` म्हणजे एका चौरस मीटरला वर्षाकाठी १३८ युनिट. `E` हा दर्जा. `A+` पासून `H` पर्यंतच्या पट्टीत `E` मधोमधच्या थोडा खाली येतो. साठच्या दशकातल्या, भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर न लावलेल्या इमारतीत असा दर्जा आढळणं स्वाभाविक आहे.

आता हिशेब. प्रमाणपत्रातलं क्षेत्रफळ राहण्याच्या क्षेत्रफळापेक्षा थोडं मोठं धरतात. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत साधारण १.२ पट. ५४ गुणिले १.२ म्हणजे जवळपास ६५. त्याला १३८ ने गुणलं की वर्षाला ८,९०० हून थोडे जास्त युनिट होतात. गॅसचा दर युनिटला अकरा सेंट धरला, तर वर्षाचे सुमारे ९८० युरो, म्हणजे महिन्याला ८२. शेजारच्या बिऱ्हाडांनी घर किती तापवलं यावर `V` चा आकडा ठरतो, त्यामुळे तुमचं बिल वरखाली होईल. कोपऱ्यावरचं किंवा छपराखालचं घर असेल तर जास्तच येईल. तरी पत्र पाठवण्याआधी एवढा अंदाज पुरेसा आहे.

स्वयंपाकघर आहे, पण त्यात काय आहे?

`ZKB` मधला `K` फक्त स्वयंपाकघर नावाची खोली आहे एवढंच सांगतो. जर्मनीच्या बऱ्याच भागांत त्या खोलीत पाण्याचे दोन नळजोड, सांडपाण्याचा पाइप आणि शेगडीसाठी विजेची जोडणी असते. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. जाताना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उखडून घेऊन जातो. बर्लिनमध्ये शेगडी आणि सिंक पुष्कळदा मिळतात, पण गृहीत धरू नये.

स्वयंपाकघर सजलेलं असेल तर `EBK` लिहितात : आइनबाउक्यूशे, बसवलेलं स्वयंपाकघर. मात्र `EBK` च्या पुढचे दोन शब्द त्याचा अर्थ बदलतात. नुसतं `EBK` किंवा `inkl. EBK` असेल, तर ते घराबरोबर भाड्याने मिळतं. करारात त्याचा उल्लेख असला आणि पुढे शेगडी बंद पडली, तर दुरुस्ती मालकाची. आपल्या जाहिरातीत `EBK gg. Abl. (1.800 €)` आहे. `gg. Abl.` म्हणजे आब्ल्योजे देऊन. हे स्वयंपाकघर आधीच्या भाडेकरूचं आहे आणि तो ते तुम्हाला अठराशे युरोंना विकतो आहे. विकत घेतल्यावर शेगडी बिघडली तर खर्च तुमचा, आणि घर सोडताना सगळं हलवायची जबाबदारीही तुमची, पुढचा भाडेकरू ते घ्यायला तयार झाला नाही तर.

आणि इथे तो टिंब नीट वाचायचा. जर्मन लोक हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. `1.800` हे अठराशे आहेत; `54,5` हे साडेचोपन्न.

आब्ल्योजे किती मागावी यालाही मर्यादा आहे. वस्तूच्या खऱ्या किमतीशी अगदीच विसंगत रक्कम मागितली, तर जादा भागाचा करार कायद्याने टिकत नाही. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघर कधी घेतलं, पावती आहे का, हे विचारावं. बारा वर्षं वापरलेल्या कपाटांचे अठराशे देण्याचं कारण नाही.

`B` बद्दल फार सांगण्यासारखं नाही. शॉवर असेल तर `Du.`, टब असेल तर `Wanne`, खिडकी असेल तर `Tgl.-Bad` अशी खूण असते. खिडकीची खूण नसली तर न्हाणीघर बहुधा आतल्या बाजूला, पंख्यावर चालणारं असतं. धुलाईयंत्र घरात ठेवायची सोय नसेल, तर ते तळघरातल्या सामायिक खोलीत ठेवावं लागतं. अशा घरांच्या जाहिरातीत `Waschkü.` दिसतं.

डिपॉझिट आणि शेवटची ओळ

`KT 3 MM` म्हणजे तीन महिन्यांचं डिपॉझिट. ही रक्कम `KM` वरच मोजायची, `WM` वर नाही, आणि तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही. इथे ती १,८६० युरो होते. एकरकमी देण्याची सक्ती नसते : तीन सारख्या हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. घर पाहण्याआधी, करारावर सही होण्याआधी कोणी डिपॉझिट मागत असेल, ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं सांगत असेल, तर तो फसवणारा आहे. त्याला उत्तरही देऊ नये.

`ab 1.10.` म्हणजे एक ऑक्टोबरपासून. `NR bev.` म्हणजे सिगरेट न ओढणाऱ्याला प्राधान्य. `prov.-frei` म्हणजे दलाली नाही. जून २०१५ पासून ज्याने दलाल लावला त्यानेच दलाली द्यायची असा नियम आहे, त्यामुळे मालकाने लावलेल्या दलालाचे पैसे तसेही तुमच्याकडे येत नाहीत. जाहिरातीत `WBS erf.` दिसलं तर मात्र तिथेच थांबावं. ते सरकारी मदतीने बांधलेलं घर असतं, आणि कमी उत्पन्नाचा अधिकृत दाखला असल्याशिवाय ते मिळत नाही. `TG-Stellpl.` दिसलं तर ती तळघरातली गाडीची जागा. तिचं भाडं वेगळं असतं का, आणि गाडी नसली तरी घ्यावीच लागते का, हे विचारून घ्यावं.

दोन जाहिराती शेजारीशेजारी

आता सगळे आकडे एकत्र करू. पहिल्या घराचं भाडं ६२०, नेबेनकोस्टेन ११०, गॅस ८२ : झाले ८१२. दोघांसाठी विजेचे साधारण ६० धरू. जर्मनीत वीज भाडेकरूच्या नावावर असते आणि जाहिरातीत कधीच येत नाही. रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क १८.३६ युरो, हे घरटी एकदाच, टीव्ही असो वा नसो. इंटरनेट ३५. एकूण सुमारे ९२५.

त्याच शहरात दुसरी जाहिरात अशी आहे :

```
2 Zi-Whg., 50 m², EBK, 1. OG
WM 850 € (KM 660, NK 190 inkl. HK)
KT 2 MM, ZH, V, 120 kWh/(m²a), D
```

पहिल्या नजरेत ६२० समोर ८५०. घाईत वाचणारा माणूस पहिलीलाच उत्तर देईल. इथे ८५० मध्ये हीटिंग आलंच आहे. वीज, शुल्क आणि इंटरनेट मिळवून ९६३ होतात, म्हणजे फरक २३० चा नसून अवघा ३८ युरोंचा आहे. आणि इथलं स्वयंपाकघर भाड्यात आलेलं आहे.

दोन वर्षं राहायचं असेल, तर पहिल्या घरात दरमहा वाचलेल्या ३८ युरोंचे ९१२ होतात. त्यासाठी स्वयंपाकघराचे १,८०० सुरुवातीलाच मोजावे लागतात. जाताना ते निम्म्या किमतीला, ९०० ला गेलं, तर दोन्ही घरांचा खर्च जवळजवळ सारखाच पडतो. घेणारा मिळाला नाही, तर पहिलं घर महाग पडलं. पाच वर्षं राहणार असाल, तर मात्र पहिलंच स्वस्त, आणि चार चौरस मीटर जास्त, बाल्कनीही.

राहायला जातानाची रोख रक्कम वेगळी पाहायला हवी. पहिल्या घराला डिपॉझिट, स्वयंपाकघर आणि पहिल्या महिन्याचे ७३० मिळून ४,३९० युरो. डिपॉझिट हप्त्यांनी दिलं तर सुरुवातीला ३,१५०. दुसऱ्याला १,३२० आणि ८५० मिळून २,१७०. नुकताच पहिला पगार घेतलेल्या माणसाला हा फरक महिन्याच्या ३८ युरोंपेक्षा जास्त जाणवतो.

मग उत्तर काय लिहायचं?

जाहिरातीत जे सापडलं ते पुन्हा विचारू नये. मालकाला त्यावरून कळतं की समोरच्याने ती वाचलेलीच नाही. स्वतःबद्दल तीनचार ओळी लिहाव्यात : किती जण, काय काम, कधीपासून. त्यानंतर, जे जाहिरातीत नाही तेवढंच विचारावं. आपल्या पहिल्या जाहिरातीसाठी हे तीन प्रश्न पुरतात :

```
Wie hoch war der Gasverbrauch im letzten Jahr?
Wie alt ist die Einbauküche?
Könnte ich die letzte Nebenkostenabrechnung sehen?
```

पहिल्यात मागच्या वर्षी गॅस किती लागला ते विचारलं आहे. त्याचं उत्तर युनिटमध्ये आलं की वर काढलेला ८,९०० चा अंदाज ताडून पाहता येतो. दुसऱ्यात स्वयंपाकघराचं वय आहे, त्यावर अठराशेबद्दल घासाघीस करता येते. तिसऱ्यात नेबेनकोस्टेनचा मागचा हिशेब मागितला आहे. तो मिळाला की ११० पुरतात की नाही हे कळतं. दुसऱ्या जाहिरातीला फक्त तिसरा प्रश्न लागू पडतो, कारण बाकीचं तिने सांगितलेलं आहे.

हे प्रश्न पहिल्याच पत्रात टाकावेत की घर पाहायला जाताना विचारावेत, हे शहरावर अवलंबून आहे. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये, जिथे एका घरामागे रांग असते, तिथे पत्र छोटं ठेवून प्रश्न भेटीसाठी राखलेले बरे. लहान गावात मालकाला घाई नसते, तो सविस्तर उत्तर देतो. भागाकार आणि गुणाकार मात्र दोन्हीकडे पत्राआधीच करून ठेवावेत. त्यांना मालकाची परवानगी लागत नाही आणि तीनचार मिनिटांपेक्षा जास्त वेळही जात नाही.